नऊ जणांची एकच चूक

लालबागच्या एका आतल्या गल्लीत म्युनिसिपालटीची मराठी शाळा होती. तिसरीच्या वर्गाला बकुळा तांबे नावाच्या बाई होत्या. वय चोवीस, अंगाने किडकिडीत, आवाज मात्र असा की शेवटच्या पट्टीवर बसलेलं पोरही दचकून सरळ व्हावं. वडील बुधाजी परळच्या एका गिरणीत रंगखात्यात कामाला. त्यांच्या हाताच्या नखांचा निळा रंग रविवारीसुद्धा जात नसे. आई जाईबाई अक्षरशत्रू, पण पोरीने शाळा सोडू नये म्हणून तिने सासूशी उभा दावा मांडला होता. नायगावच्या चाळीत त्यांच्या मजल्यावर ट्रेनिंग पास झालेली बकुळा ही पहिलीच मुलगी.

बाईंना लहानपणापासून एक खोड होती. कुणी काही चुकलं की त्यांना राग यायच्या आधी नवल वाटायचं. जाईबाई भाकरी करपली म्हणून स्वतःवर चिडायची, तर ही विचारायची, "आये, एकाच बाजूनं कशी करपली गं?" आई म्हणायची, "तू जेव गपचीप." पण ती खोड काही गेली नाही. मास्तरीण झाल्यावर उलट वाढलीच.

ते छप्पन्न सालचं जानेवारी-फेब्रुवारी. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि गिरणगाव पेटलं. हरताळ, मोर्चे, लाठ्या, गोळीबार. करी रोडच्या पुलाखालून जायलाही माणसं कचरत होती. शाळा बंद पडल्या त्या दोन आठवड्यांहून अधिक. पुन्हा उघडल्या तेव्हा मुलांच्या तोंडी घोषणाच जास्त होत्या आणि पाढे कमी. वर्गात बाईंनी "सात सक्के?" विचारलं की मागून कुणीतरी "झालाच पाहिजे!" म्हणून ओरडायचं आणि अख्खा वर्ग खिदळायचा.

सुटीच्या आधी बाईंनी वजाबाकी नुकती शिकवायला घेतली होती. तीन अंकी, हातच्याची. ट्रेनिंग कॉलेजात शिकवली होती तशीच. वरचा अंक लहान असेल तर शेजारच्या घरातून एक दशक उसना घ्यायचा, त्या घरातला एक कमी करायचा. काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधून, एक जुडी सोडून, त्यांनी ते मुलांना दाखवलंही होतं. आता किती डोक्यात राहिलंय ते बघावं म्हणून त्यांनी दहा उदाहरणांचा एक कागद काढला. कागदाची चणचण होती. युनियनच्या कचेरीत वसंत नावाचा त्यांच्या ओळखीचा कारकून होता. छपाई बिघडलेली पत्रकं त्याने दिली, आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर उदाहरणंही काढून दिली. एका बाजूला अर्धवट उमटलेलं 'बंधुभगिनींनो', दुसऱ्या बाजूला वजाबाकी. बेचाळीस मुलांनी बेचाळीस कागद सोडवले.

रविवारी दुपारी बाईंनी ते कागद घरी जमिनीवर मांडले. जाईबाई शेजारी तांदूळ निवडत बसली होती.

"एवढा पसारा कशाला? बरोबर-चूक करायचं नि मोकळं व्हायचं," ती म्हणाली.

"चूक कोणकोणत्या जातीची आहे ते बघतेय."

"चुकांनापण जाती?" जाईबाई हसली. "कमाल झाली बाई तुझी."

पण खरंच होत्या. बाईंनी चौथं उदाहरण धरलं, ६३४ वजा २७८. उत्तर यायला हवं ३५६. सात मुलांनी ४४४ लिहिलं होतं. ते कळायला वेळ लागला नाही. वरचा असो की खालचा, मोठ्यातून लहान वजा करून टाकायचा, की हातच्याची कटकटच नको. आठातून चार, सातातून तीन, सहातून दोन, तिन्हीकडे चारच. पाच मुलांचं उत्तर ४६६ होतं. त्यांनी उसना घेतला होता, पण ज्याच्याकडून घेतला त्याचा एक कमी करायला विसरली होती. काही मुलं शून्यापाशी अडली होती. ५०२ वजा १६८ मध्ये दशकाच्या घरात शून्य, घ्यायचं कुणाकडून? त्यांनी शून्याचे नऊ करून टाकले, पण शतकाच्या पाचाला हातच लावला नाही, आणि ३३४ च्या जागी ४३४ लिहून मोकळी झाली.

तीन गठ्ठे झाले. ज्यांचं सगळं बरोबर होतं त्यांचा चौथा. तरी नऊ कागद उरले आणि ते कुठेच बसेनात.

त्या नवांनी ६३४ वजा २७८ चं उत्तर २४६ लिहिलं होतं. नऊच्या नऊ जणांनी. बाईंनी बाकीची उदाहरणं ताडून पाहिली. ४८१ वजा १३६ चं उत्तर ३४५, यांचं ३३५. ७२८ वजा ३५४ चं ३७४, यांचं २७४. शून्याच्या उदाहरणात ३३४ च्या जागी २२४. आणि ८७९ वजा ३४५, ज्यात उसनं घ्यावंच लागत नाही, ते मात्र नवांचंही बरोबर, ५३४.

बाई मांडी घालून बसल्या होत्या त्या गुडघ्यांवर आल्या. एकदा उसना घेतला की दहाने कमी किंवा शंभराने कमी. दोनदा घेतला की एकशेदहाने कमी. धांदरटपणाने चुकलेलं उत्तर कधी जास्त येतं, कधी कमी येतं. हे दरवेळी कमीच येत होतं, आणि तेही मोजून मापून. ही मुलं काहीतरी करत होती. नेमाने करत होती. पण काय?

सोमवारी मधल्या सुटीत त्या कागद घेऊन हेडमास्तरांकडे गेल्या. शामराव बेडेकर गिरगावातून यायचे, धोतर-कोट, नाकावर चष्मा, माणूस सरळ पण तापट. त्यांनी नऊ कागद भराभर पाहिले, मग हजेरीपट काढला आणि नावांवरून पेन्सिल फिरवली.

"बाई, ही नऊही मुलं एकाच चाळीतली आहेत. करी रोडची. दिसतंय का?"

बाईंच्या ते लक्षात आलं नव्हतं.

"नक्कल आहे ही," शामराव म्हणाले. "खरं उत्तर एकच असतं, ते चाळीस जणांचं सारखं आलं तर नवल नाही. चुका हजार तऱ्हेच्या असतात. नऊ जणांची चूक एकच कशी येईल? एकाने केली, आठांनी उतरवली."

"पण सर, ती एका ठिकाणी बसत नाहीत. नलू दारापाशी, लवू खिडकीशी."

"कागद फिरतात बाई. या दिवसांत पोरं काय काय फिरवायला शिकलीत, मला विचारा." त्यांनी कोऱ्या चिठ्ठ्या पुढे ओढल्या. "पालकांना बोलावून घेतो. आणि गणितात शून्य. वार्षिक तपासणीला साहेब येतील तेव्हा असले कागद मला दाखवायचे नाहीत."

वार्षिक परीक्षेला दीड महिना होता. गणितात शून्य धरलं तर नऊ जणांचं वर्ष जाणार. बाईंच्या डोक्यात भुंगा मात्र वेगळाच होता. हेडमास्तरांचा प्रश्न चांगला होता. नऊ जणांची चूक एकच कशी येईल?

"सर, मला उद्यापर्यंत द्या," त्या म्हणाल्या. "नक्कल असेल तर नवीन उदाहरणं एकेकट्याला तुमच्यासमोर घालू. मग उतरवणार कुणाचं?"

शामरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी बाईंनी चार नवी उदाहरणं काढली. पण त्याआधी त्यांनी एक गोष्ट केली. एका चिठोऱ्यावर त्यांनी चार आकडे लिहिले, घडी घातली आणि हेडमास्तरांच्या टेबलावर दौतीखाली ठेवली.

"हे काय?"

"ही मुलं जी चुकीची उत्तरं लिहितील, ती मी आधीच लिहून ठेवलीत. कशी येतात ते अजून मला ठाऊक नाही. पण कुठली येतील ते बहुतेक ठाऊक आहे."

शामरावांचा हात दोनदा त्या घडीकडे गेला.

नवांपैकी तिघांना बोलावलं. पहिली आली कांता, मग लवू, मग नलू. एक गेल्यावर दुसरा. प्रत्येकाने हेडमास्तरांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर पाटी टेकवून उदाहरणं सोडवली. लवूला तर घाम फुटला होता. तिघांच्या पाट्या पुढ्यात ठेवून शामरावांनी घडी उलगडली.

५७३ वजा २४८ : ३१५. ८४५ वजा ३६७ : ३६८. ६१९ वजा २८३ : २३६. आणि ९६८ वजा ५२३, जिथे उसन्याची गरज नाही, तिथे बाईंनी बरोबर उत्तरच लिहिलं होतं, ४४५.

कांताचे चारही आकडे जुळले. नलूचेही. लवूने एका ठिकाणी ३६८ च्या जागी ३६९ लिहिलं होतं. बिचाऱ्याने पंधरातून सात काढताना नऊ उरवले होते. तेवढं सोडून तंतोतंत.

शामरावांनी लवूच्या पाटीवर बोट ठेवलं. "याने तर चूक करतानाही चूक केली," ते पुटपुटले. मग खुर्ची पुढे सरकवून म्हणाले, "पण का? का येतंय असं?"

त्यांच्या आवाजातला ताप गेला होता आणि त्या जागी काय आलंय ते बाईंना ओळखीचं वाटलं. नलू अजून दारातच उभी होती. बाईंनी तिला जवळ घेतलं. "नलू, पहिलं उदाहरण पुन्हा कर. पण या वेळी तोंडानं बोलत कर हं. जे मनात म्हणतेस ते मोठ्यानं."

नलूने पाटी पुसली. "तिनातून आठ जात नाहीत. शेजारच्या सातकडून एक घेतला. सातचे राहिले सहा. तेरातून आठ गेले, पाच." तिने पाच मांडले. "हातचा एक. एक नि चार पाच. सहातून पाच गेले, एक. पाचातून दोन गेले, तीन. तीनशे पंधरा."

"थांब. हातचा एक चारात का मिळवलास?"

नलूला हा प्रश्नच वेडगळ वाटला. "वर घेतला ना बाई? मग खाली द्यायला नको?"

बकुळाबाई टाळी वाजवता वाजवता राहिल्या. त्यांना एकदम स्वतःची दुसरीची पाटी आठवली. त्याही लहानपणी असंच म्हणत होत्या, 'हातचा एक, एक नि चार पाच.' जुन्या शाळेत वजाबाकी अशीच होती. वरच्या एककाला दहा द्यायचे आणि खालच्या दशकात एक वाढवायचा. वरच्या दशकाला हातच लावायचा नाही. ट्रेनिंगला गेल्यावर नवी रीत आली आणि जुनी कुठे गळून पडली ते त्यांना कळलंही नव्हतं.

"सर, दोन रीती आहेत. एकीत वरचा एक कमी करतात, दुसरीत खालचा एक वाढवतात. दोन्हीनं उत्तर बरोबर येतं. ही मुलं दोन्ही एकदमच करताहेत. म्हणून प्रत्येक हातच्याला एक जास्तीचा जातोय."

शामरावांनी टाक उचलला, कागदावर ५७३ आणि २४८ मांडले, आधी एका रीतीने, मग दुसऱ्या. दोन्हीकडे ३२५. मग मुद्दाम दोन्ही मिसळून केलं. ३१५.

"पण खाली मिळवायला यांना शिकवलं कुणी?"

"कुशाआजोबांनी," नलू म्हणाली. "शाळा बंद होती ना, तेव्हा."

संध्याकाळी शाळा सुटल्यावर बाई नलूबरोबरच तिच्या चाळीत गेल्या. करी रोडची ती चाळ तीन मजल्यांची. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, जिन्याशेजारी, कुशाबा टोपलीत गूळ विकायला घेऊन बसला होता. सातारकडचा म्हातारा, गिरणीत साच्यावर, म्हणजे विणायच्या मागावर, पस्तीस वर्षं काढलेला, आता कानांनी जरा जड. गोळीबाराच्या दिवसांत आया कामावर आणि बाप मोर्चात, तेव्हा पोरं रस्त्यावर जाऊ नयेत म्हणून यानं ती गॅलरीत कोंडून ठेवली होती. दोन दिवस गोष्टी सांगितल्या. गोष्टी संपल्यावर मग त्याला येत होतं ते एकच, चौथीपर्यंतचं गणित.

शाळेच्या बाई आल्या म्हटल्यावर तो गडबडून उठला. बाईंनी काय झालं ते सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला.

"म्हंजी माझ्यापायी पोरास्नी शून्य पडलं म्हना की."

"तसं नाही, कुशाबा. तुमची रीत बरोबर आहे."

"मग चुकलं काय?"

"माझीही बरोबर आहे. दोघांच्या एकत्र केल्या म्हणून चुकलं."

कुशाबाला ते पटेना. बाईंनी त्याच्याकडून दोन आगपेट्या मागितल्या, काड्या काढल्या, दहा-दहाच्या जुड्या केल्या. बावन्न काड्या मांडल्या, पाच जुड्या आणि दोन सुट्या. "यातल्या सत्तावीस द्यायच्या. सुट्या सात नाहीत, म्हणून एक जुडी सोडली. जुड्या राहिल्या चार, सुट्या झाल्या बारा." म्हाताऱ्याने मान डोलावली. हे त्याला दिसत होतं.

"आता मला एक सांगा," बाई म्हणाल्या, आणि हे त्या खरोखरच विचारत होत्या. "तुमच्या रीतीत जुडी कुणी सोडतच नाही. वरच्याला दहा कुठून येतात? आणि खाली एक का वाढवायचा? मी लहानपणी हजारदा केलं, पण कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही."

कुशाबाने काड्या जवळ ओढल्या. गॅलरीच्या कठड्यावर मुलं गोळा झाली होती.

"मलाबी मास्तरानं सांगितलं न्हवतं," तो म्हणाला. "पर साच्यावर हुबा राहून राहून मी इचार केला व्हता. माझा भाऊ माझ्यापरास सात वर्षांनी थोरला. मी गिरनीत आलो तवा बी सात वर्षांनी थोरलाच हुता. आज आमी दोगंबी म्हातारं झालो, तरी सातच. दोगांची वयं सारखीच वाढली, मग अंतर कसं बदलंल? तसंच ह्ये. वरल्याला धा दिलं, खालच्यालाबी धा दिलं. वर एककात दिलं, सुटं धा. खाली दशकात दिलं, एक जुडी. दोन्हीबी धाच. अंतर तेवढंच."

बकुळाबाईंनी समोरच्या काड्यांकडे पाहिलं. सोडलेली जुडी पुन्हा बांधली, खाली सत्तावीस काड्यांचा दुसरा ढीग मांडला, मग वरच्या ढिगात दहा सुट्या काड्या टाकल्या, खालच्यात एक बांधलेली जुडी. खरंच की. चार वर्षं त्या शिकवत होत्या आणि एवढी सोपी गोष्ट आज एका साचेवाल्याने सांगितली. त्यांना लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. उलट असं वाटलं की कुणीतरी बंद खिडकी उघडली.

"कुशाबा, शनिवारी सकाळी शाळेत याल का? हे मुलांना सांगायला?"

"मी? शाळंत?" त्याने आधी धोतराकडे पाहिलं आणि मग बाईंकडे. "हेडमास्तर काय म्हंतील?"

हेडमास्तर फारसं काही म्हणाले नाहीत. चिठ्ठ्या फाडून टोपलीत टाकल्या होत्या. एवढंच म्हणाले, "साहेब येतील तेव्हा नवीच रीत दिसली पाहिजे. बाकी तुमचं तुम्ही बघा." आणि शनिवारी स्वतःच वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले, हात मागे बांधून.

कुशाबाने स्वच्छ धुतलेला सदरा घातला होता. त्याने लवूला आणि कांताला पुढे उभं केलं आणि वयं विचारली. लवू नऊ, कांता आठ. "धा वर्सांनी लवू किती?" "एकोणीस!" "कांता?" "अठरा!" "मग अंतर?" वर्ग ओरडला, "एकच!" मग बाईंनी फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे एक रीत, उजवीकडे दुसरी. "यातली कुठलीही एक धरा. पण या रेघेवर उभं राहायचं नाही," त्यांनी बजावलं. "वर कमी केलंत तर खाली वाढवायचं नाही. खाली वाढवलंत तर वरच्याला हात लावायचा नाही."

एका दिवसात सगळं सुधारलं असं मात्र नाही. मार्चच्या मध्यावर पुन्हा कागद काढला तेव्हा नवांतल्या सहांची उत्तरं चोख आली. नलूने कुशाआजोबांची रीत धरली आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही. लवूची हातच्याची भानगड मिटली, पण पंधरातून सात म्हटलं की तो नऊच म्हणायचा, त्याला पाढ्यांसारखं रोज घोकवावं लागलं. दोघं अजूनही रेघेवर उभी राहायची. त्यांच्याकडून बाईंनी नवी रीत सोडवून जुनीच पक्की करून घेतली. साहेब आले त्या दिवशी त्या दोघांना फळ्यापाशी बोलावलं गेलं नाही, एवढी काळजी शामरावांनी घेतली. नऊही मुलं चौथीत गेली.

बाईंनी मात्र त्या वर्षापासून एक वही सुरू केली. शंभरपानी, खाकी पुठ्ठ्याची. त्यात मुलांची नावं नसत, नुसत्या चुका असत आणि समोर त्या चुकीपर्यंत पोचायची वाट. वर्षअखेरीस त्यांच्या घराने बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, पुढे महाराष्ट्र राज्य झालं, मुंबई राहिली, वर्गात नव्या पिढ्या आल्या. वह्या वाढत गेल्या. नवीन मास्तर आला की बाई त्याला एवढंच विचारायच्या, "चूक दिसली की तुम्ही पोराला काय विचारता?" 'पुन्हा कर' म्हणतो, असं तो म्हणाला की त्या मान हलवायच्या. "'बोलत कर' म्हणा. मग बघा."

त्या पहिल्या वर्षाचा, मार्चमध्ये पुन्हा सोडवून घेतलेल्यांतला, अजून एक कागद वहीत चिकटवलेला होता. कांताचा. ५०२ वजा १६८, खाली ३३४. उत्तर बरोबर होतं, पण कुठे खोडलेलं नाही, हातचा नाही, उसना नाही. बाईंनी तिला बोलावून विचारलं होतं.

"मी वजा नाही केलं बाई," कांता म्हणाली होती. "आईबरोबर गजरे करते ना मी. एकशे अडुसष्ट फुलं झाली आणि पाचशे दोन पाहिजेत, तर मी पुढे मोजते. बत्तीस आणली की दोनशे. मग तीनशे आणली की पाचशे. वर दोन. झाली तीनशे चौतीस."

बाईंनी ते तीनदा बोलायला लावलं, आणि तिसऱ्यांदा ती बोलत असताना स्वतः फुलं मोजल्यासारखी बोटं दुमडत बसल्या.